स्थळाचा फोटो कसा पारखावा



तुळशीची लग्नं लागली, की गुलमंडीवर बस्त्याची गर्दी सुरू होते. साड्यांच्या दुकानांपुढे चपलांचे ढीग पडतात, गाद्यांवर घड्या उलगडत राहतात, चहा मागवला जातो. त्याच दिवसांत दुसरी एक देवघेव चाललेली असते, ती मात्र रस्त्यावर दिसत नाही. ज्यांचं अजून जमायचं आहे, त्यांचे बायोडाटे या मावशीच्या फोनमधून त्या काकूच्या फोनमध्ये जात असतात. आम्ही काही जणी याच भागातल्या, सुपारी हनुमानाच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या. नात्यागोत्यातली, ओळखीतली स्थळं एकमेकींना सुचवणं हे आमचं जुनं काम आहे. आमच्या हातांखालून इतके बायोडाटे गेले, की एक गोष्ट आता आम्हाला पाठ झाली आहे. बायोडाटा उघडला की नजर आधी फोटोवर जाते, मग शिक्षणावर, मग नोकरीवर. आणि पुष्कळदा ती फोटोवरून पुढे सरकतच नाही.

म्हणून आज आपण फोटोबद्दल बोलणार आहोत. मुलगी कशी दिसते, मुलगा कसा दिसतो, हे आज बाजूला ठेवायचं. आज फक्त फोटो तपासायचा. रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, त्यामुळे तुमच्या घरात लग्नाचं कुणी असेल, तर त्याचा किंवा तिचा फोटो फोनवर उघडून समोर ठेवा. आम्ही सांगू ते त्याच्यावर पडताळून पाहा.

आमची कसोटी एकच आहे. फोटो पाहून घरी आलेल्या पाहुण्यांना दार उघडणारी मुलगी तीच आहे, हे तिथल्या तिथे ओळखू आलं पाहिजे. ही कसोटी दोन्ही बाजूंनी कापते. वाईट फोटोमुळे चांगलं स्थळ न वाचताच बाजूला पडतं. आणि फार सजवलेल्या फोटोमुळे पाहुणे घरी येतात, पोहे खातात, आणि चप्पल घालताना कुणीतरी हळूच म्हणतं, ‘फोटोत वेगळी वाटत होती.’ ते हळू बोललेलं आतल्या खोलीत बरोबर ऐकू जातं. त्या पोरीची काहीच चूक नसते. फोटोने जे कबूल केलं, ते तिला फेडावं लागतं.

आता एक उदाहरण घेऊ. सत्तावीस वर्षांची मुलगी, एम. एस्सी. झालेली, वाळूजच्या एका कंपनीत तपासणी विभागात कामाला. तिची आई चार फोटो घेऊन आमच्याकडे आली. सोबत मुलीची आत्याही होती. आई म्हणाली, ‘यातला कोणता लावू, तेवढं सांगा.’ चारही फोटो आम्ही एकेक करून पाहिले. त्या चारांत फोटोचे बहुतेक सगळे दोष आले होते, म्हणून त्याच क्रमाने सांगतो.

पहिला फोटो मामेबहिणीच्या लग्नातला. आठ जणी एका ओळीत उभ्या, त्यातून हिच्यापुरता तुकडा कापून घेतलेला. आईला हा आवडला होता, कारण साडी छान दिसत होती. आम्ही आईला सांगितलं, चेहऱ्यावर दोन बोटं ठेवून फोटो मोठा करा, डोळे पडद्यावर पसरेपर्यंत. भुवयांचे केस वेगळे दिसतात का? पापण्या दिसतात का? या फोटोत भुवईच्या जागी नुसता काळा डाग होता आणि गालावर चौकटी पडल्या होत्या.

असं का होतं, ते समजून घ्या, कारण आपल्याकडचे निम्मे फोटो इथेच बिघडतात. फोटो ठिपक्यांचा बनलेला असतो. साध्या फोनने काढलेला आडवा फोटो साधारण 4000 ठिपके रुंद असतो. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला, की तो आकसतो आणि लांब बाजूला 1600 ठिपक्यांच्या आसपास उरतो. आता त्या 1600 मध्ये आठ जणी उभ्या, म्हणजे एकीच्या वाट्याला 200 आले. पासपोर्ट आकाराचा फोटो, म्हणजे जेमतेम 35 मिलिमीटर रुंदीचा, कागदावर स्वच्छ छापायचा तरी रुंदीत 400 च्या वर ठिपके लागतात. इथे त्याच्या निम्मेच होते. नंतर तो कितीही मोठा करा, नसलेले ठिपके परत येत नाहीत. म्हणून फोटो कुणाच्या गटातून उतरवून घेतलेला असेल, तर ज्याच्या फोनने काढला त्याच्याकडून मूळ फोटो मागा. पाठवताना HD वर टिचकी मारायला सांगा, किंवा तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. डॉक्युमेंट म्हणून आलेला फोटो आकसत नाही.

या फोटोत आणखी एक गोष्ट राहिली होती. मुलीच्या डाव्या खांद्यावर चार बोटं होती, शेजारी उभ्या असलेल्या बहिणीची. आईच्या ते लक्षातही आलं नव्हतं, कारण ती बोटं कुणाची हे तिला माहीत होतं. पाहणाऱ्याला माहीत नसतं. तो आधी विचारतो, हा हात कुणाचा?

दुसरा फोटो मकबऱ्यासमोरचा. आपल्या शहरातल्या बायोडाट्यांत असा एक फोटो हमखास असतो. पाण्याच्या हौदाच्या टोकाशी मुलगी उभी, मागे संपूर्ण मकबरा, चारही मिनार. सहलीची आठवण म्हणून फोटो चांगलाच आहे. पण मिनार चौकटीत बसवायचे म्हणून काढणारा मागे मागे गेला, आणि मुलगी उरली अंगठ्याएवढी. फोनच्या पडद्यावर तिचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. त्यात मागे पांढरीशुभ्र इमारत आणि वर उजळ आकाश. एवढा उजेड दिसला, की कॅमेरा सगळा फोटो थोडा काळोखा करून घेतो, आणि त्याचा फटका बसतो चेहऱ्याला. मुलगी सावळीच आहे, पण या फोटोत तिचे डोळेही दिसत नव्हते. आत्या म्हणाली, ‘रंग दबला बघा फोटोत.’ आम्ही म्हटलं, आत्याबाई, रंग कशाला दबेल, उजेड पाठीमागून होता. तीच मुलगी तोंड फिरवून उजेडाकडे बघत उभी राहिली असती, तर चेहरा लख्ख आला असता.

चौकट कशी असावी, ते इथेच सांगून टाकतो. बायोडाट्याला दोन फोटो पुरतात. एक अर्धा, डोक्यापासून कमरेपर्यंत. दुसरा उभा, पायाच्या बोटांपर्यंत. अर्ध्या फोटोत डोक्यावर दोन-तीन बोटं जागा मोकळी असावी आणि डोकं हे चौकटीच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं यावं. कापताना सांध्यावर कापू नका. मनगटावर, कोपरावर, गुडघ्यावर किंवा मानेवर कडा आली, की अवयव तुटल्यासारखा वाटतो. कमरेच्या किंचित वर किंवा मांडीच्या मध्यावर कापलं, तर डोळ्याला खटकत नाही. उभ्या फोटोत पाय कापले गेले, तर तो फोटो उभा राहत नाही. मग पाहणाऱ्याच्या मनात उंचीबद्दल उगाच शंका येते.

तिसरा फोटो स्टुडिओतला. आत्याचा जीव याच्यावर. ‘यात कशी एकदम उजळ आली आहे,’ ती म्हणाली. भरजरी पैठणी, गळ्यात आत्याचाच चपलाहार, नाकात मोत्यांची नथ, मान जराशी कलती. चेहरा गुळगुळीत, पिठाच्या गोळ्यासारखा. डाव्या गालावरचा तीळ गायब. आम्ही आत्याला फक्त एवढंच सांगितलं, की आता तिचे हात बघा. हात सावळे होते, बोटांची पेरं स्पष्ट दिसत होती, मनगटावरची शीर दिसत होती. चेहरा एका बाईचा आणि हात दुसरीचे, असं ते दिसत होतं. संगणकावर चेहरा उजळवणारे बहुतेकदा हात विसरतात. फोनमधला सौंदर्य वाढवणारा फिल्टरसुद्धा चेहरा ओळखून तेवढाच धुतो. तुमच्या हातातल्या फोटोत ही एक गोष्ट आत्ता पाहा. चेहरा, मान आणि हात, तिन्ही एकाच रंगाचे आहेत का? हनुवटी बारीक केली असेल, तर तिच्या मागची भिंतीची किंवा दाराची सरळ रेघ तिथे वाकलेली दिसते. तेही पाहा.

रंग खरा आला आहे की नाही, हे कळायची घरगुती युक्ती आहे. फोटोतली साडी कपाटातून काढा आणि दिवसाच्या उजेडात फोनशेजारी धरा. साडीचा रंग जुळला आणि चेहरा हातांशीही जुळला, तर चेहऱ्याचाही रंग खरा आहे. साडी फोटोत फिकट, पांढरट दिसत असेल, तर चेहराही तेवढाच पुसला गेला आहे. आत्याने घरी जाऊन पैठणी काढली. गडद जांभळी पैठणी फोटोत वांग्याच्या फुलासारखी फिकी झाली होती.

आता कपड्यांबद्दल. पैठणी आपल्या जिल्ह्याची शान, ती नेसू नये असं कोण म्हणेल? पण बायोडाट्याच्या फोटोत जर जास्त असली की ती झोताच्या उजेडात चमकते, आणि नजर चेहऱ्याऐवजी पदरावर जाते. दुसरं, मुलगी साडी कधीतरीच नेसत असेल, तर अवघडलेपण खांद्यात दिसतं. खांदे वर चढतात, हात अंगाला चिकटतात. नथ, चपलाहार, बाजूबंद सगळं घातलं, तर फोटो लग्नातला वाटतो, आणि दागिने उसने असतील तर तोही एक न बोललेला शब्द होऊन बसतो. आमचा सल्ला साधा आहे. एक फोटो साडीत, पण सुती किंवा हलक्या रेशमी, एकरंगी, काठ असलेल्या. दुसरा तिच्या रोजच्या चांगल्या कपड्यांत, कामावर जाताना घालते त्या कुर्त्यात. गळ्यात एक, कानात एक, बास. फार बारीक चौकडी किंवा बारीक उभ्या रेघांचं कापड टाळा. फोनच्या पडद्यावर त्या रेघा थरथरल्यासारख्या दिसतात. मुलांच्या शर्टांचं तर हे नेहमीचंच दुखणं आहे. भिंत पांढरी असेल तर पांढरा शर्ट नको, खांदे भिंतीत विरघळतात.

चष्मा रोज लागत असेल, तर एक तरी फोटो चष्म्यासकट हवाच. काचेवर झळाळी येते म्हणून लोक चष्मा काढून ठेवतात. त्यापेक्षा चष्म्याच्या काड्या कानामागे अगदी थोड्या वर उचला, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात आणि झळाळी जाते. डोळे दिसू लागतात.

चौथा फोटो मुलीने स्वतःच काढलेला, हात लांब करून. आईला तो दाखवायचाही नव्हता. ‘हा असाच आहे,’ म्हणाली. पण आम्हा सगळ्यांची नजर त्याच्यावर थांबली. दोष होते. कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम हातभर लांब. नाकाचा शेंडा कानांपेक्षा दहा-बारा सेंटिमीटर पुढे असतो. अर्ध्या मीटरवरून फोटो काढला, तर हे अंतर फार मोठं ठरतं, म्हणून नाक फुगीर आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. तोच फोटो दोन मीटरवरून काढला, तर ते दहा-बारा सेंटिमीटर किरकोळ होतात आणि चेहरा आपल्याला समोर दिसतो तसा येतो. म्हणजे ‘माझं नाक फोटोत मोठं येतं’ म्हणणाऱ्या मुलींचा दोष नाकात नसतो, अंतरात असतो.

शिवाय फोटो उलटा होता, आरशातल्यासारखा. पुढच्या कॅमेऱ्याचे काही फोन फोटो तसाच साठवतात. ओळखायची खूण सोपी आहे. नेहमीच्या साडीचा पदर डाव्या खांद्यावर असतो, म्हणजे समोरच्याला तो उजव्या हाताला दिसतो. इथे तो डाव्या हाताला दिसत होता. गुजराती पद्धतीने नेसली आहे का, असं पाहणारा विचारील. गालावरचा तीळही दुसऱ्याच गालावर गेला होता. 

हे सगळं खरं, पण या फोटोत तिचे डोळे हसत होते. घरातल्या कुणाशी तरी बोलता बोलता काढला असावा. इतर तीन फोटोंत ती फोटो काढून घेत होती, आणि या एकात ती स्वतः होती. आम्ही आईला म्हटलं, चारांतला एकही लावू नका. पण चौथ्यातला हा चेहरा नव्या फोटोत आला पाहिजे.

मग नवा फोटो कसा काढला, ते ऐका. स्टुडिओ लागला नाही, मैत्रिणीचा फोन आणि वाड्याची ओसरी पुरली. आपल्या जुन्या गल्ल्यांत दुपारी बारा वाजता ऊन सरळ डोक्यावर पडतं. तेव्हा डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळ्या सावल्या येतात, माणूस आजारी दिसतो. म्हणून वेळ ठरवली सकाळी साडेआठची. ओसरीच्या कडेला, सावलीतच, पण तोंड उघड्या चौकाकडे करून ती उभी राहिली. अंगावर ऊन नाही आणि चेहऱ्यावर आभाळाचा सारखा उजेड. मागची भिंत आधी पाहून घेतली, कारण वाड्यात एक भिंत पोपटी रंगाची होती. पोपटी किंवा गुलाबी भिंतीला टेकून उभं राहिलं, की तो रंग गालावर आणि हनुवटीखाली उतरतो. म्हणून साध्या, मळकट पांढऱ्या भिंतीपुढे, भिंतीपासून दोन-तीन पावलं पुढे तिला उभं केलं. दोरीवरचे टॉवेल काढले, कॅलेंडर उतरवलं.

फोनच्या मागच्या कॅमेऱ्याची काच सुती कपड्याने पुसली. ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. बोटांचं तेल काचेवर बसतं आणि फोटोवर धुकं आल्यासारखं दिसतं. फिल्टर बंद केला. अर्ध्या फोटोसाठी मैत्रीण दोन मीटर लांब उभी राहिली आणि 2x वर बोट ठेवलं. फोन मुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर धरला. वरून धरला तर कपाळ मोठं येतं, खालून धरला तर नाकपुड्या दिसतात. उभ्या फोटोसाठी मैत्रीण तीन मीटरवर गेली, 1x वर आली आणि फोन कमरेच्या उंचीला आणला. उभा फोटो डोळ्यांच्या उंचीवरून काढला तर पाय आखूड दिसतात आणि मुलगी आहे त्यापेक्षा बुटकी वाटते.

आई, आत्या आणि आम्ही सगळ्या मात्र बाहेर थांबलो. हे मुद्दाम सांगतो. ‘जरा हस, मान सरळ कर, पदर नीट घे,’ असं चार जणी ओरडत असल्या, की चेहऱ्यावर जे येतं त्याला हसणं म्हणत नाहीत. मैत्रिणीने तिला कामावरचं काहीतरी विचारलं, ती सांगत गेली, आणि मधे मधे फोटो निघत गेले. चाळीसेक निघाले.

त्या चाळिसांतून निवड करायची पद्धतही ठरलेली आहे. आधी डोळे मिटलेले, हललेले, तोंड उघडं असलेले काढून टाकले. उरलेले मोठे करून भुवया पाहिल्या. शेवटी चार उरले. ते चार फोटो आम्ही मुलीला न ओळखणाऱ्या तिघांना दाखवले, एकेकाला वेगळं. त्यात एक पुरुषही होता. ‘कशी आहे’ असं विचारलं नाही, कारण त्यावर सगळे ‘छान आहे’ म्हणतात. विचारलं, ‘हिच्याबद्दल काय वाटतं, दोन-तीन शब्दांत सांगा.’ एका फोटोला ‘कंटाळलेली’ असं उत्तर आलं. आईला तो साधासोज्वळ वाटत होता. दुसऱ्या फोटोला दोघांनी ‘शिक्षिका आहे का?’ विचारलं. तिसऱ्याला उत्तरं आली, ‘मोकळी’, ‘कामाची’, ‘बोलकी’. तिची आई म्हणाली, ‘अशीच आहे ती.’ तो ठरला. घरच्या माणसांना फोटोत आपली माहीत असलेली मुलगी दिसते. परक्याला फक्त फोटो दिसतो. म्हणून छाप कशी पडते, हे परक्यालाच विचारावं लागतं.

फोटो बायोडाट्यात बसवताना एक गोष्ट जपा. तयार चौकटीत फोटो बसत नाही म्हणून तो ओढून बसवतात, आणि चेहरा रुंद किंवा लांबट होतो. खूण म्हणजे टिकली. गोल टिकली अंडाकृती दिसली, की फोटो ओढला आहे. मुलाच्या फोटोत बुबुळं पाहा. मग बायोडाटा दुसऱ्या फोनवर पाठवून, न मोठा करता, हातभर लांबून पाहा. आत्या-काका तो असाच पाहणार आहेत. आणि एकदा कागदावर छापून घ्या, कारण वयस्कर माणसं अजून कागदच मागतात.

आत्याने शेवटी एक प्रश्न केलाच. ‘उजळ नाही केला, तर कमी लोक विचारतील त्याचं काय?’ प्रश्न खरा आहे, आम्ही तो झटकून टाकला नाही. हो, फोटो पाहून रंगावरून नाही म्हणणारी घरं आहेत. पण जे घर रंगावरून नाही म्हणणार आहे, ते घरी येऊनही तेच म्हणणार. फरक एवढाच, की तेव्हा पोरगी समोर बसलेली असते. खरा फोटो नकार लांबूनच घेतो, तिच्या तोंडावर येऊ देत नाही. मुलगी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, ‘आत्या, तीळ राहू दे.’ आत्या काही बोलली नाही, पण पैठणीची घडी घालू लागली.

मुलांच्या फोटोलाही हेच माप लावा. काळा गॉगल, मोटारसायकलला टेकलेला, मित्रांच्या घोळक्यातून कापलेला, चार वर्षांपूर्वीचा भरगच्च केसांचा, असे फोटो मुलांच्या बाजूने सर्रास येतात आणि कुणी काही म्हणत नाही. मुलीच्या आयांनी मागावा की नवा फोटो. सहा महिन्यांच्या आतला, डोळे दिसणारा, एक उभा आणि एक अर्धा. त्यात गैर काही नाही.

एक सावधगिरी सांगून थांबतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत तो कुठे काढला, याची नोंद आत राहू शकते. म्हणून घरी फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ठिकाणाची नोंद बंद करा. आणि फोटो असलेल्या बायोडाट्यावर घरनंबरासकट पत्ता छापू नका. गावाचं आणि भागाचं नाव पुरे. संपर्काला आईवडिलांचा नंबर द्या, मुलीचा नको. एकदा गटात गेलेला फोटो किती फोनांत फिरेल, हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून आम्ही आधी माहिती पाठवतो, पसंत पडली तर फोटो.

फोटो काय सांगू शकतो आणि काय नाही, हेही लक्षात असू द्या. माणूस नीट दिसतो, चेहऱ्यावरचा भाव कळतो, उंचीबांध्याचा अंदाज येतो. स्वभाव, घरातली बोलणी, शब्दाला जागणं यातलं काही फोटोत येत नाही. त्यासाठी भेटावंच लागतं. फोटोचं काम भेट घडवून आणण्यापर्यंतच.

आता समोर उघडलेला तुमचा फोटो परत पाहा. भुवया दिसतात का, हात आणि चेहरा एका रंगाचे आहेत का, टिकली गोल आहे का, पदर बरोबर खांद्यावर आहे का. आणि हा माणूस दारात आला, तर ओळखू येईल का. येत असेल, तर फोटो चांगला आहे.